‘४५ मध्ये सगळं’ ते लेखी एस्टिमेट : निपाणीतल्या एका बाथरूमचं प्रकरण

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आणि निपाणीचा प्लंबर यांच्यात फोनवरच्या चॅटमध्ये झालेलं बोलणं एवढंच होतं :

“मामा, आईच्या खोलीला लागून जी अडगळीची खोली आहे, तिथं बाथरूम करायचंय. फोटो पाठवलेत. अंदाजे किती जाईल?”

“होतंय की दादा. माल मजुरी धरून ४५ च्या आत बसवतो. पंधरा दिवसांत काकूंना वापरायला देतो.”

“कमोड, शॉवर, बेसिन सगळं ना?”

“हो हो, सगळं.”

“ओके मग.”

दोघांची ओळख जुनी. प्लंबरने याच घरातली वरची टाकी बसवलेली, त्यामुळे अविश्वासाचा प्रश्न नव्हता. पण मुलाने पुढे विचारलं, “मामा, एवढं कागदावर लिहून द्या, म्हणजे मला पैशांची सोय करता येईल,” आणि प्लंबर तो चॅट घेऊन माझ्याकडे आला. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागातल्या छोट्या कंत्राटदारांची एस्टिमेटं आणि बिलं मी लिहून देतो. त्याची अपेक्षा होती की मी लेटरपॅडवर ‘बाथरूम काम, मालमजुरीसह, रु. ४५,०००’ एवढी एक ओळ टाइप करून द्यावी. तसं केलं असतं तर कागद झाला असता, एस्टिमेट झालं नसतं.

त्या चॅटमधला ४५ हा आकडा चुकीचा होता असं म्हणता येत नाही. तो कशाचा आहे हेच ठरलेलं नव्हतं. “सगळं” म्हणताना मुलाच्या डोळ्यांसमोर टाइल्स लावलेली, गिझर टांगलेली, दार बसवलेली तयार खोली होती. प्लंबरच्या डोळ्यांसमोर पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि भांडी बसवणं होतं. टाइल्स गवंडी करतो, हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं की ते बोलायची गरज त्याला वाटली नाही. “माल” म्हणजे फक्त पाइप आणि फिटिंग, की कमोड-बेसिनसकट? “१५ दिवस” कधीपासून मोजायचे? पैसे मिळाल्यापासून, माल आल्यापासून, की गवंड्याने भिंत फोडून दिल्यापासून? आणि हा भाव कधीपर्यंत चालायचा? मुलाने दिवाळीनंतर “करा सुरू” म्हटलं असतं तरी ४५ च का?

मी त्याला विचारलं, “मामा, जागा बघितलीस का?” तो म्हणाला, “फोटो बघितलेत. घर माझ्या माहितीतलंच आहे.” आम्ही टेप आणि पाण्याची पारदर्शक नळी घेऊन त्या घरी गेलो. अडगळीच्या खोलीचा फोटो नीट होता. फोटोत दिसत नव्हतं ते अंतर. सेप्टिक टाकी परसात, घराच्या दुसऱ्या टोकाला होती. खोलीच्या बाहेरच्या भिंतीपासून टाकीच्या तोंडापर्यंत लाइन ज्या वाटेने न्यावी लागणार होती, ती ३४ फूट भरली. प्लंबरने मनात धरलं होतं की टाकी भिंतीमागेच आहे, कारण या भागातल्या बहुतेक जुन्या घरांत तशीच असते.

इथेच मी जरा थांबतो, कारण संपूर्ण एस्टिमेट या एका मोजमापावर फिरलं. कमोडची मैल्याची लाइन ४ इंची, म्हणजे दुकानात ११० एमएम म्हणतात ती. तिला ४० ला १ असा उतार द्यायचा ही प्रचलित रीत. उतार कमी पडला की पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते, मग काही महिन्यांतच लाइन तुंबायला लागते. ३४ फूट म्हणजे ४०८ इंच. त्याला ४० ने भागलं की सव्वादहा इंचाच्या आसपास उतार लागतो. नळीने पातळी बघितली तेव्हा टाकीचं तोंड अंगणाच्या पातळीपासून १८ इंच खाली निघालं.

आता कमोड दोन प्रकारचे येतात. एस ट्रॅपचं तोंड खाली फरशीत उतरतं, पी ट्रॅपचं मागे भिंतीत जातं. एस ट्रॅप घेतला तर फरशीची जाडी आणि खालचं वळण धरून पाइप अंगणाच्या पातळीखाली साधारण १० इंचांवर सुरू होणार होता. त्यात उताराचे १० इंच मिळवले की टाकीपाशी तो २० इंचांवर पोहोचतो, आणि टाकीचं तोंड १८ वर. म्हणजे दोन इंच कमी पडतात. पी ट्रॅप घेतला तर पाइप भिंतीतून बाहेर येऊन बाहेरच्या चेंबरमध्ये उतरतो. सुरुवात अंगणाखाली ७ इंचांवर ठेवता येते, शेवट १७ वर येतो, बसतं. वरची माती कमी राहते म्हणून पाइपावर काँक्रीटचं आवरण द्यावं लागतं, तेवढंच.

म्हणजे “कमोड” हा एक शब्द एस्टिमेटमध्ये “जमिनीवर बसणारा, पी ट्रॅप” असा लिहिणं भाग होतं. हे लिहिलं नसतं तर कोणीही, घरमालकाने किंवा दुकानदाराने, सहज एस ट्रॅपचा कमोड पाठवला असता आणि काम अर्धं झाल्यावर फरशी उंच करायची वेळ आली असती. काकूंच्या वयाला बाथरूमच्या दारात उंच पायरी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मापं हाती आल्यावर आम्ही कामाची व्याप्ती लिहायला घेतली, रकमेला हात लावला नाही. माझी पद्धत अशी की पाण्याच्या वाटेने चालत जायचं : गच्चीवरच्या टाकीतून निघालेलं पाणी नळापर्यंत कसं येतं आणि नळातून पडलेलं घराबाहेर कसं जातं. वाटेत जे जे लागेल ते लिहायचं. गच्चीवरच्या टाकीतून १ इंची सीपीव्हीसी लाइन खाली, बाथरूमच्या बाहेर बंद करायची चावी, आत थंड आणि गरम पाण्याचे पॉइंट. पॉइंट मोजले : कमोडची टाकी, हेल्थ फॉसेट, बेसिन, वॉल मिक्सरचे दोन, गिझरचे दोन. एकूण सात. या भागात पाण्याच्या कामाची मजुरी पॉइंटवर ठरते, पण मिक्सरचा पॉइंट एक धरायचा की दोन यावर हमखास वाद होतो, म्हणून सातही नावं लिहून टाकली. सांडपाण्यासाठी मैल्याची लाइन सेप्टिक टाकीकडे आणि अंघोळीच्या पाण्याची ७५ एमएम लाइन नहाणी ट्रॅपमधून जुन्या मोरीच्या लाइनीला जोडून गटारीकडे. बाहेर दोन चेंबर, एक भिंतीपाशी आणि एक वळणावर, कारण वळणावर चेंबर नसेल तर तुंबल्यावर बांबू घालायला जागा उरत नाही.

मग जे नाही ते लिहिलं. बहुतेक प्लंबर हे लिहायला कचरतात, त्यांना वाटतं गिऱ्हाईक बिचकेल. माझा अनुभव उलटा आहे. या प्रकरणात ते असं झालं : टाइल्स, वॉटरप्रूफिंग, भिंतीत मारलेल्या झिरी सिमेंटने बुजवणं, दार, गिझरची वायरिंग आणि गिझर स्वतः, सेप्टिक टाकी उपसणं, आणि घरातल्या जुन्या लाइनींची दुरुस्ती. झिरी बुजवण्याचं काम गवंड्याचं की प्लंबरचं हे आधी ठरलं नाही, तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि टाइल्सवाला तिसऱ्याच्या नावाने ओरडतो. वॉटरप्रूफिंगचं तर त्याहून मोठं आहे. सहा महिन्यांनी शेजारच्या भिंतीला ओल आली की दोष पाइपाचा की फरशीखालच्या थराचा, हे बाहेरून कळत नाही. म्हणून प्लंबरने आपली हद्द चाचणीने बांधून घ्यावी लागते. झिरी बुजवण्याआधी, शेवटचा जोड चिकटवून २४ तास झाल्यावर, हातपंपाने लाइनीत दाब भरायचा, काटा एक तास जागचा हलला नाही याचा फोटो मालकाला पाठवायचा. हे एक वाक्य एस्टिमेटमध्ये कामाचा भाग म्हणून गेलं.

यादी झाल्यावर दर. प्लंबर म्हणाला, “माल कोल्हापूरहून आणूया, तिथं स्वस्त पडतंय.” निपाणीला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, त्यामुळे निपाणीचा बराच माल कोगनोळी नाक्यापलीकडूनच येतो. पण मग गाडीभाडं लिहावं लागतं, आणि तुटलेलं बेसिन बदलून आणायला पुन्हा नाका ओलांडावा लागतो. आम्ही कोल्हापूरच्या दुकानातून यादीवर दर लिहून घेतले आणि दुकानदाराला विचारलं, “हे दर किती दिवस धरणार?” त्याने चिठ्ठीवरच दहा दिवस लिहून दिले. ही चिठ्ठी पुढे फार कामाची ठरली.

असं तयार झालेलं एस्टिमेट, पत्ता आणि नावं वगळून, खाली देतो.

एस्टिमेट क्र. १, तारीख ३ फेब्रुवारी. काम : तळमजल्यावरील अडगळीच्या खोलीत नवीन बाथरूमचं प्लंबिंग. मापं जागेवर घेतलेली, मैल्याची लाइन ३४ फूट.

अ) पाइप आणि फिटिंग : सीपीव्हीसी पाइप, ब्रास फिटिंग आणि चाव्या रु. ७,८००. सांडपाण्याचे ११० व ७५ एमएम पाइप, ट्रॅप, वळणं रु. ७,७००. सॉल्व्हंट, टेफ्लॉन, क्लँप रु. ९००. एकूण रु. १६,४००.

आ) भांडी आणि नळ : कमोड, जमिनीवर बसणारा, पी ट्रॅप, टाकीसह रु. ८,५००. बेसिन, नळ, बॉटल ट्रॅप रु. ३,४००. वॉल मिक्सर आणि शॉवर रु. ५,२००. अँगल कॉक आणि हेल्थ फॉसेट रु. २,३००. भिंतीला धरायच्या दोन दांड्या रु. १,६००. एकूण रु. २१,०००.

इ) मजुरी : पाण्याचे ७ पॉइंट, दर रु. ६५०, रु. ४,५५०. बाहेरची खोदाई, लाइन टाकणं, बुजवणं, ३४ फूट, दर रु. ९०, रु. ३,०६०. भांडी, मिक्सर, गिझर आणि दांड्या बसवणं रु. २,९००. एकूण रु. १०,५१०.

ई) चेंबर २ नग, विटा-सिमेंट-झाकण-गवंडी धरून, दर रु. २,२००, रु. ४,४००. कोल्हापूर ते निपाणी गाडीभाडं रु. १,२००.

एकूण रु. ५३,५१०.

मालाचे दर १२ फेब्रुवारीपर्यंत. मजुरी आणि चेंबरचे दर ३१ मार्चपर्यंत. काम माल जागेवर आल्यापासून १५ दिवसांत, गवंड्याचे दिवस सोडून.

एकूण बघून प्लंबरचा चेहरा उतरला. “दादाला ४५ सांगितलंय. आता ५३ कसं सांगू?” तोंडी दिलेला शब्द त्याला महाग वाटत होता, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही फरक शोधला तर तो जवळजवळ सगळा परसातल्या त्या ३४ फुटांत सापडला. बाहेरचे ११० एमएम पाइप, खोदाई आणि दोन चेंबर मिळून ११ हजारांच्या वर गेले होते. टाकी भिंतीमागे असती तर एक पाइप आणि एक चेंबर, म्हणजे ३ हजारांच्या आसपास भागलं असतं. म्हणून एस्टिमेटसोबत दोन वाक्यं पाठवली : “दादा, फोटोवरून टाकी भिंतीमागे धरली होती, ती ३४ फुटांवर आहे. तेवढ्याने साधारण आठ हजार वाढले, बाकी तेच आहे.” परसाचा टेप लावलेला फोटो जोडला. नुसती वाढलेली रक्कम पाठवली असती तर भाव चढवल्यासारखं दिसलं असतं.

रकमेतले कर कसे लिहायचे हाही प्रश्न आला. प्लंबरची जीएसटी नोंदणी नाही. त्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, आणि कर्नाटकात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा तीच आहे. नोंदणी नसताना आपल्या मजुरीवर जीएसटी लावून वसूल करायला कायद्याची परवानगी नाही. काही जण एस्टिमेट भारदस्त दिसावं म्हणून खाली १८ टक्के लिहितात, ते करू नये. मालाच्या दरात दुकानाचा जीएसटी धरलेलाच आहे, म्हणून “मालाचे दर करासह, दुकानाच्या बिलाप्रमाणे” एवढं लिहिलं आणि बिल मालकाच्या नावाने घ्यायचं ठरवलं. मिक्सर दोन वर्षांनी गळायला लागला, तर कंपनीकडे ते बिल दाखवणारा मालकच असायला हवा.

मुलाचं उत्तर ८ फेब्रुवारीला आलं : “पटलं मामा. पण ५० मध्ये बसवा की.” इथे प्लंबरचं बोट “ठीक आहे” टाइप करायला निघालं होतं. मी अडवलं. तीन हजार कमी करायचे तर ते कुठल्या ओळीतून, हे न ठरवता हो म्हटलं की काम करताना ते गुपचूप कुठून तरी निघतात. बहुतेकदा सगळ्यात न दिसणाऱ्या जागेतून : पाइपाच्या जाडीतून, क्लँपमधल्या अंतरातून, वळणावरच्या चेंबरमधून. मी त्याला सांगितलं, रक्कम कमी करू नकोस, ओळ बदलायला सांग. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकार बिनशर्त असायला लागतो. “हो, पण ५० मध्ये” हा स्वीकार नसतो, तो मालकाने मांडलेला नवा प्रस्ताव असतो. त्यामुळे त्याला उत्तर देणं हे प्लंबरच्या हातात होतं, तो बांधला गेलेला नव्हता.

प्लंबरने लिहिलं, “दादा, चेंबर आणि पाइप कमी करता येत नाहीत. भांडी-नळांत बदल चालेल, बघा.” मुलाने एका संकेतस्थळावरच्या कमोडचा स्क्रीनशॉट पाठवला, रु. ६,९००. किंमत छान होती. प्लंबर हो म्हणायच्या बेतात होता, पण त्याआधी त्याने एस्टिमेटची ओळ पुन्हा वाचली : “पी ट्रॅप.” स्क्रीनशॉटमधला एस ट्रॅप होता. दोन इंचांची कमतरता परत आली असती, आणि ती लक्षात येईपर्यंत कमोड डब्यातून निघून परसात पोहोचलेला असता. कोल्हापूरच्या दुकानात साधा पी ट्रॅप रु. ७,२०० ला मिळाला. ८,५०० च्या जागी ७,२००, म्हणजे १,३०० कमी. एस्टिमेट क्र. २ झालं रु. ५२,२१०. बदललेली ओळ वर स्वतंत्र लिहिली, “क्र. १ रद्द” असं लिहिलं. एकाच कामाची दोन एस्टिमेटं दोघांच्या फोनमध्ये पडून राहिली की पैसे देताना प्रत्येकाला आपल्या सोयीचं सापडतं, म्हणून हे “रद्द” लिहिणं मी कधी सोडत नाही. मालाची मुदत मात्र वाढवली नाही, ती १२ फेब्रुवारीच राहिली, कारण दुकानाची चिठ्ठी तेवढ्यापुरतीच होती.

मुलाचा होकार १७ फेब्रुवारीला आला : “ओके मामा, करा सुरू. आजच पैसे टाकतो.”

मुदत टळून गेलेली होती. आता काय? बहुतेक लोक एस्टिमेटखाली “१५ दिवस वैध” किंवा “३० दिवस वैध” असं सवयीने लिहितात आणि तो आकडा कुठून आला याचा विचार करत नाहीत. कायदा सांगतो की प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो, आणि दिली नसेल तर ‘वाजवी काळ’ उलटल्यावर संपतो. हे त्याच कायद्याचं कलम ६. वाजवी काळ किती, हे शेवटी भांडूनच ठरतं, म्हणून तारीख लिहायची. शिवाय मुदत लिहिली म्हणून प्लंबर त्या तारखेपर्यंत अडकतो असंही नाही, होकार येण्याआधी कळवून तो प्रस्ताव मागे घेऊ शकतो. पण कुठली तारीख लिहायची, याचं माझं उत्तर असं आहे : मालाला दुकान जितके दिवस दर धरतं तितकेच दिवस, कारण पाइपांचे दर कच्च्या मालाच्या भावाबरोबर हलतात आणि त्यावर प्लंबरचा ताबा नाही. मजुरीला मात्र त्याची स्वतःची सोय. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे पावसाआधी उरकायच्या कामांची गर्दी, तेव्हा माणसं मिळत नाहीत आणि हजेरी वाढते. म्हणून मजुरी ३१ मार्चपर्यंत. एकच मुदत दोघांना लावली, तर एक तर प्लंबर मालात मार खातो, नाहीतर मालकाला कारण नसताना घाई होते.

दोन मुदती होत्या म्हणून १७ तारखेचा पेच अवघड गेला नाही. दुकानाला पुन्हा फोन केला. भांड्यांचे दर तेच होते, पाइप आणि फिटिंग १६,४०० चे १७,०५० झाले होते. मजुरीला कुणी हात लावला नाही, ती अजून मुदतीत होती. एस्टिमेट क्र. ३, रु. ५२,८६०, त्याच दिवशी गेलं, आणि सोबत दुकानाची नवी चिठ्ठी. मुलाने लिहिलं, “एस्टिमेट क्र. ३, रु. ५२,८६०, मान्य.” हे शब्द मी मुद्दाम मागून घेतो. अंगठ्याचं चिन्ह किंवा नुसतं “ओके” कशाला होतं, हे नंतर सांगता येत नाही. चॅटवर झालेला करार चॅटवर झाला म्हणून कच्चा ठरत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०अ तेच सांगतं. पण काय मान्य केलं ते तरी दिसायला हवं.

पैशांचे टप्पेही त्याच कागदावर होते. मालाचे ३६,७५० मुलाने थेट दुकानाच्या खात्यावर भरले, प्लंबरच्या हातून फिरवले नाहीत. मला ही पद्धत सगळ्यात सरळ वाटते. ज्याच्याकडे खेळतं भांडवल नाही अशा प्लंबरला मालासाठी उसने काढावे लागत नाहीत, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा माल पुढच्याच्या पैशांतून आणायची साखळी सुरू होत नाही. गाडीभाडं माल उतरताना, मजुरी आणि चेंबरचे निम्मे दाबाच्या चाचणीनंतर, उरलेले वापर सुरू झाल्यावर.

आणखी एक अडचण होती, वाचणाऱ्यांची. हा कागद पुण्यातल्या मुलाने वाचला, घरी काकूंनी वाचला, कोल्हापूरच्या काउंटरवर गेला आणि चेंबर बांधणाऱ्या गवंड्याच्या हातात आला. गवंड्याला मराठी बोलता येतं, वाचता येतं ते कन्नड. त्याच्यासाठी आम्ही चेंबरचं माप आणि लाइनीची खोली एका साध्या आकृतीत काढली, आकडे इंग्रजी अंकांत, दोन्ही टोकांना “७” आणि “१७” इंच. सीमाभागात हे नेहमीचं आहे. वस्तूंची नावं काउंटरवर जशी मागतात तशीच ठेवायची, आणि जे माप चुकून चालत नाही ते चित्रात दाखवायचं.

कामात एकच गोष्ट अनपेक्षित निघाली. गच्चीवरच्या टाकीतून निघणारा जुना जीआय तुकडा आतून गंजून निम्मा बुजला होता. नवी लाइन त्याला जोडली असती तर शॉवरला धार आली नसती. जुन्या लाइनींची दुरुस्ती व्याप्तीबाहेर लिहिलेली होती, आणि जास्तीच्या कामाबद्दल एक वाक्य होतं : आधी फोटो आणि रक्कम, होकार आल्यावर काम. प्लंबरने तुकडा कापून आतला गंज दिसेल असा फोटो पाठवला, रु. ८५० सांगितले. मुलाचा होकार आल्यावर काम झालं. हे वाक्य नसतं तर दोनच वाटा होत्या : स्वतःच्या खिशातून करणं, किंवा शेवटच्या बिलात अचानक ८५० लावणं.

दाबाच्या चाचणीत गिझरच्या एका पॉइंटला काटा हळूहळू खाली यायला लागला. ब्रासच्या जोडावर टेफ्लॉन कमी पडलं होतं. झिरी उघडी होती म्हणून जोड काढून पुन्हा बसवला गेला, चाचणी परत घेतली, मग गवंड्याने झिरी बुजवल्या. जोड गळला तर एक वर्ष बिनमजुरीने दुरुस्त करायचं प्लंबरने लिहून दिलं आहे. नळ-मिक्सरच्या आतला बिघाड त्यात येत नाही, तो कंपनीचा.

शेवटचं बिल करताना उरलेल्या मालाचा हिशोब राहिला होता. तो पाइप कोणाचा हे फार थोड्या एस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं. इथे मालाचे पैसे मालकाने भरले होते, म्हणून उरलेलं त्याचंच. एक न कापलेला पाइप आणि काही फिटिंग दुकानाने रु. ५४० ला परत घेतली. ५२,८६० अधिक ८५० वजा ५४०, म्हणजे रु. ५३,१७०. बिलात या तीन आकड्यांसमोर अनुक्रमे लिहिलं : एस्टिमेट क्र. ३, गंजलेल्या तुकड्याचा फोटो पाठवल्याची तारीख, आणि दुकानाच्या परतीच्या पावतीचा क्रमांक.